सैनिकी गणवेश आणि नागरी पोशाख

अहिल्यानगर येथे भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे या जिल्ह्यात खरा सैनिकी गणवेश आणि त्याचे अनुकरण करणारा बाजारातील सदरा, दोन्ही आपल्या दृष्टीस पडतात. त्यांचे नाते कसे ओळखावे?

प्रथम खांद्यावरची पट्टी पाहा. तिचे एक टोक बाहीच्या शिवणीत बसवलेले असते आणि दुसरे कॉलरजवळ बटणाने बंद होते. खांद्यावरचा पट्टा घसरू नये, हे तिचे मूळ कार्य. पुढे तिच्यावर हुद्द्याची चिन्हे आली. फॅशनच्या सदऱ्यात अनेकदा तिची दोन्ही टोके शिवून टाकलेली असतात व बटण केवळ शोभेचे असते. येथे रूप उरते, कार्य संपते.

कॅमोफ्लाज छापाची गोष्ट निराळी आहे. 15 जानेवारी 2022 रोजी सेनादिनी सादर झालेल्या गणवेशावर लहान लहान चौकोनांची डिजिटल नक्षी आहे. सैन्याने या नक्षीची नोंदणी करून तिचे हक्क राखले आहेत. म्हणून विक्रेत्याला तिची हुबेहूब नक्कल परवानगीविना विकता येत नाही. हिरव्या-तपकिरी डागांचा सर्वसाधारण छाप मात्र या नोंदणीत येत नाही.

परिधान करणाऱ्यासाठी हेतू निर्णायक ठरतो. आपण सैनिक आहोत असे इतरांना वाटावे, या हेतूने सैनिकासारखा वेश करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हा आहे.