शिळ्या भातातला स्टार्च

रात्रीचा उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी त्याचे शीत न् शीत सुटे आणि ताठ झालेले असते. दोन बोटांत धरले तर दबण्याऐवजी ते तुटते. भात वाळला म्हणून असे होते, असा समज आहे. पण झाकून ठेवलेला, पाणी न गमावलेला भातही असाच ताठतो. खरा बदल दाण्यातल्या स्टार्चमध्ये झालेला असतो.

तांदळाचा स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. त्यांतली अमायलोजची साखळी बहुतांशी सरळ असते, तर अमायलोपेक्टिनला झाडासारख्या फांद्या असतात. कच्च्या दाण्यात या साखळ्या घट्ट रचलेल्या असतात. भात शिजताना साधारण ६० ते ७५ अंशांच्या आसपास पाणी आत शिरते, रचना मोडते आणि दाणा फुगून मऊ होतो. अशा मोकळ्या झालेल्या साखळ्या पाचकरसाला सहज तोडता येतात, म्हणून गरम भाताची साखर रक्तात लवकर उतरते.

भात निवू लागला की साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात. सरळ असल्यामुळे अमायलोजच्या साखळ्या काही तासांतच शेजारी शेजारी बसून घट्ट स्फटिक बनवतात. फांद्यांच्या अमायलोपेक्टिनला त्यासाठी दिवस लागतात. फ्रिजमधल्या चारेक अंशांच्या गारव्यात ही जुळणी विशेष वेगाने होते. या स्फटिकांत पाचकरसाचा शिरकाव होत नाही, आणि तेवढा स्टार्च लहान आतड्यातून न पचताच पुढे जातो. यालाच पचनरोधक स्टार्च म्हणतात.

असा भात पुन्हा गरम केला की सगळे पाण्यात जाते का? नाही, आणि त्याचे कारण या दोन साखळ्यांच्या स्वभावात आहे. अमायलोपेक्टिनचे स्फटिक ६० अंशांच्या आतबाहेरच वितळतात, म्हणून फोडणीच्या भातात ताठ शिते पुन्हा मऊ होतात. अमायलोजचे स्फटिक मात्र वितळायला १०० अंशांच्या बऱ्याच वर तापमान लागते. कढईतला ओलसर भात तिथवर तापत नाही, त्यामुळे ते टिकतात. ज्या तांदळात अमायलोज कमी, म्हणजे ज्याचा भात चिकट होतो, त्यात हा लाभही कमी.

लाभ किती, ते इंडोनेशियात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. ताज्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम पचनरोधक स्टार्च होता. चार अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात तो १.६५ ग्रॅम झाला. १५ निरोगी व्यक्तींना दोन्ही भात देऊन पाहिले, तेव्हा दुसऱ्या भातानंतर रक्तातली एकूण साखरवाढ सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरली. माणसे थोडी होती, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

थंड केल्याने भाताच्या कॅलरी निम्म्या होतात, हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही. दीडशे ग्रॅमच्या वाटीत साधारण १९५ कॅलरी असतात. त्यात पचनरोधक स्टार्च दीड ग्रॅमने वाढला आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे चारऐवजी दोनच कॅलरी मिळाल्या, तर बचत होते तीन कॅलरींची. वजन उतरवण्यासाठी शिळा भात खाणे व्यर्थ आहे. साखर सावकाश चढणे हाच त्याचा खरा गुण. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तिथेही जपायला हवे: नेहमीच्या डोसवर असा भात खाल्ल्यास साखर फार खाली जाऊ शकते.

न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या तोंडी पडतो. त्याच्या आंबण्यातून ब्युटिरेट हे आम्ल तयार होते आणि तेच तिथल्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन. एकदम जास्त खाल्ल्यास पोटात वायू धरतो, तोही या आंबण्यानेच.

बटाट्याची गोष्ट वेगळी नाही. आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्याच्या फोडी भाजीत मोडत नाहीत, हीच त्या जुळणीची खूण. भाजलेल्या बटाट्यात उकडलेल्यापेक्षा पचनरोधक स्टार्च जास्त आढळतो. थंड बटाटा पुन्हा गरम केला की त्यातला थोडा घटतो.

भाताच्या बाबतीत धोका आहे तो बॅसिलस सेरियस या जिवाणूचा. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. त्यामुळे उलट्या होतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात बुळबुळीत झाला किंवा वास आला तर टाकावाच, पण वास नाही म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. त्यामुळे निववायचा भात खोल पातेल्यात न ठेवता परातीत पातळ पसरावा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढून वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावा आणि उरलेला पुन्हा ठेवू नये.