एकेक घटना किरकोळ, मालिका मात्र गुन्हा

डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेला एक निकाल वर्तमानपत्रांत गाजला. एका अल्पवयीन मुलीच्या छळाचे ते प्रकरण होते. आरोपी एकदाच तिच्या मागे गेल्याचे पुराव्यात आले होते. एकदा मागे जाणे म्हणजे कायद्याच्या अर्थाने पाठलाग होत नाही, असे सांगून न्यायालयाने त्या कलमाखालची शिक्षा रद्द केली. लैंगिक छळाबद्दलचा दोष मात्र मुख्य आरोपीवर कायम राहिला. बातमी वाचून अनेकांना राग आला. पण कायद्याचा मजकूर पाहिला, तर न्यायालयाला दुसरे काही म्हणता आले नसते. पाठलागाचा गुन्हा एका घटनेचा नसतोच, तो घटनांच्या मालिकेचा असतो. अशा तक्रारी कोसळतात त्या बहुधा ही मालिका सिद्ध करताना.

हा गुन्हा आपल्या दंडविधानात २०१३ साली आला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समिती नेमली गेली आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत भारतीय दंडविधानात कलम ३५४-ड जोडले गेले. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत ७८ या क्रमांकाने आहे. त्याचे दोन भाग आहेत. स्त्रीने नाराजी स्पष्ट दाखवल्यानंतरही जवळीक साधण्यासाठी एखाद्या पुरुषाने तिचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधला किंवा तसा प्रयत्न केला, तर पहिला भाग लागू होतो. तिच्या इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर त्याने नजर ठेवली, तर दुसरा. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत.

पहिल्या भागात सरकारी पक्षाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. तिने नकार दिला होता, त्यानंतर हे पुन्हा पुन्हा घडले, आणि प्रत्येक वेळी करणारा माणूस हाच होता. किती वेळा म्हणजे वारंवार, याचा आकडा कायद्यात नाही. इंग्लंडच्या १९९७ च्या छळविरोधी कायद्यात निदान दोन प्रसंग लागतात. पण तिथल्या न्यायालयांनीही म्हटले आहे, की प्रसंग जितके कमी आणि एकमेकांपासून जितके लांब, तितके त्यांना एका वर्तनाचे भाग मानणे अवघड. प्रसंगांमधला धागा दाखवण्याचे काम त्यामुळे तिथेही चुकत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. सांगलीतल्या एका पतसंस्थेत काम करणारी तरुणी. तिचा पूर्वीचा सहकारी तिला लग्नाबद्दल विचारतो. १० फेब्रुवारीला ती मेसेज करते, ‘मला यात रस नाही. यापुढे फोन किंवा मेसेज करू नका.’ त्यानंतर दोन आठवडे त्याच्या नंबरवरून रोज फोन येतात. ती नंबर ब्लॉक करते. मार्चमध्ये दोन अनोळखी नंबरांवरून रात्री मिस्ड कॉल सुरू होतात. एप्रिलमध्ये इन्स्टाग्रामवर तिच्या मैत्रिणीच्या नावाचे खोटे खाते उघडले जाते आणि त्यावरून ती काल कुठल्या बसने गेली, कोणता ड्रेस घातला होता, असे मेसेज येतात. मधल्या काळात तो तीन वेळा बसथांब्यावर उभा दिसतो. २ मे रोजी तो कामाच्या ठिकाणी फाटकाशी तिला अडवून बोलू लागतो. शिपाई येतो, तो निघून जातो. त्या संध्याकाळी ती पोलीस ठाण्यात जाते.

ठाण्यात पहिला प्रश्न येतो, ‘आज काय झालं?’ ती आजचे सांगते. हात लावला का, धमकी दिली का? दोन्हीचे उत्तर नाही. मग अदखलपात्र नोंद होते आणि एनसीची प्रत हातात पडते. मालिकेतला शेवटचा मणी तेवढा कागदावर येतो. वास्तविक पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यात पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करता येतो. पण त्यासाठी जबाबात १० फेब्रुवारी यायला हवी.

ती तारीख नंतर आली तर काय बिघडते, ते खटल्यात कळते. समजा पंधरा दिवसांनी पुरवणी जबाबात तिने खोटे खाते आणि मिस्ड कॉल सांगितले. उलटतपासात बचाव पक्षाचा वकील पहिला जबाब समोर ठेवतो आणि विचारतो, ‘हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं, खरं ना?’ ती खरेच बोलत असते, पण महत्त्वाची गोष्ट पहिल्या जबाबात नसणे म्हणजे नंतर रचलेली भर, असा युक्तिवाद उभा राहतो. खोटे बोलणाऱ्यासाठी असलेली ही कसोटी घाबरलेल्या माणसालाही तितकीच जड जाते.

नकाराचा पुरावा या उदाहरणात भक्कम आहे, कारण तो लेखी आणि तारखेसह आहे. नकार कोणत्या रूपात द्यावा, हे कायदा सांगत नाही. तोंडी नकार, फोन न उचलणे, ब्लॉक करणे हेही नकारच. पण बचाव पक्ष जुने गप्पांचे मेसेज, वाढदिवसाचे आभार, एखादे हसरे चिन्ह पुढे करतो. पुष्कळ मुली भीतीपोटी गोड बोलून वेळ मारून नेतात आणि तेच त्यांच्याविरुद्ध वाचले जाते. एकदाच पाठवलेला साधा, स्पष्ट मेसेज ही शंका बरीचशी मिटवतो. त्यानंतर ब्लॉक केल्याने पुरावा बुडत नाही. जुना संवाद न पुसता जपला आणि तरीही नव्या नंबरावरून संपर्क आला, तर नकार झुगारल्याचेच ते द्योतक ठरते.

खरी कसोटी लागते ती ‘हा तोच माणूस’ हे दाखवताना. अनोळखी नंबरांची सिमकार्डे आतेभावाच्या आणि दुकानातल्या नोकराच्या नावावर निघतात. तपास इथेच थांबला तर दुवा तुटतो. पण मोबाइल कंपनीच्या कॉल नोंदीत, म्हणजे सीडीआरमध्ये, कॉल कोणत्या हँडसेटवरून झाला त्याचा आयएमईआय क्रमांकही असतो. आरोपीचे स्वतःचे सिम आणि ही दोन्ही सिमे एकाच हँडसेटमध्ये फिरलेली दिसली, तर तिन्ही नंबर एका हाताशी येतात. टॉवरच्या नोंदीचा उपयोग मर्यादित. तो बसथांब्याजवळच्या टॉवरखाली होता, एवढेच ती सांगते, आणि त्याच टॉवरखाली अर्धी पेठ राहत असते.

खोट्या खात्याचे काम आणखी नाजूक. तक्रारीत नुसते खात्याचे नाव देऊन भागत नाही, कारण नाव घटकाभरात बदलता येते. प्रोफाइलची पूर्ण लिंक लागते. पोलिसांनी मागितल्यावर कंपनी खाते उघडतानाचा फोन किंवा ई-मेल आणि लॉगिनचे आयपी पत्ते देते. त्या नोंदींतली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर इंटरनेट कंपनी भलत्याच ग्राहकाचे नाव देते. शिवाय मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहक वापरत असतात, म्हणून अचूक वेळेबरोबर पोर्ट क्रमांकही लागतो. २००७ मध्ये ऑर्कुटवरच्या एका बदनामीकारक मजकुरासाठी पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्याची माहिती चुकीची निघाली. तोवर त्या निरपराध माणसाने पन्नास दिवस तुरुंगात काढले होते. ओळख पटवण्याबद्दल न्यायालये कडक असतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

यात वेळही विरोधात धावत असते. सीडीआर कंपन्यांना दोन वर्षे ठेवावे लागतात. इंटरनेट सेवांच्या अनेक नोंदींसाठी नियमातली मुदत १८० दिवसांची आहे, आणि दुकानातल्या सीसीटीव्हीवर काही दिवसांतच नवे चित्रण चढते. ‘आपोआप थांबेल’ म्हणत सात-आठ महिने गेले, की माणूस तोच असला तरी त्याच्या लॉगिनची नोंद राहिलेली नसते.

पुढचा प्रश्न स्क्रीनशॉटचा. तो छापून फायलीला लावला की पुरावा झाला, असा समज आहे. २०२० मध्ये जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केले, तर मात्र प्रमाणपत्र लागत नाही. आता हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक प्रत देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. म्हणून ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू नये, रिसेट करू नये.

आता आपल्या उदाहरणात काय उरते ते पाहा. बसथांब्यावरच्या तिन्ही वेळांना साक्षीदार नाही. समजा खोट्या खात्याची नोंदही मिळाली नाही. तरी नकारानंतरचे दोन आठवड्यांचे फोन आहेत, आयएमईआयने जोडलेले दोन नंबर आहेत आणि फाटकावरचा शिपाई आहे. तीन महिन्यांत पसरलेले, एकाच माणसाशी बांधलेले हे प्रसंग ‘वारंवार’ दाखवायला बळकट आहेत. प्रत्येक घटना सिद्ध व्हावी लागत नाही. पुराव्याने धरलेल्या तीन घटना पुराव्यावाचूनच्या तीसांपेक्षा जास्त तोलाच्या ठरतात.

कायद्याच्या स्वतःच्याही उणिवा आहेत. पहिल्या भागाची शब्दरचना जवळीक साधू पाहणाऱ्या पुरुषाची आहे. नुसते घाबरवायला, सूड म्हणून शेकडो मेसेज पाठवणारा तीत नीट बसत नाही. त्याच्यासाठी विनयभंग, धमकी किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे शोधावी लागतात आणि एक मालिका पुन्हा तुकड्यांत विभागली जाते. पुरुषाचा पाठलाग झाला, तर हे कलम लागूच होत नाही. शिवाय पहिला गुन्हा जामीनपात्र असल्याने आरोपी त्याच दिवशी बाहेर येऊ शकतो. नुसत्या पाठलागाच्या तक्रारीवर संपर्कबंदी घालणारा स्वतंत्र दिवाणी आदेश आपल्याकडे नाही. घरगुती हिंसाचार कायद्यात तसा आदेश मिळतो, पण त्यासाठी कौटुंबिक नाते किंवा विवाहासारखे सहजीवन लागते. बाकीच्यांसाठी उरते ती चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बंधपत्रावरचा हमीलेख.

कायदा बदलायला वेळ लागेल. ठाण्यातला पहिला प्रश्न बदलायला लागू नये. ‘आज काय झालं?’ ऐवजी ‘हे कधीपासून चालू आहे, आणि तुम्ही नाही कधी म्हणालात?’ असे अंमलदाराने विचारले, तर जबाब आपोआप नकारापासून सुरू होऊन तारखेमागून तारीख पुढे जातो. पोलिसांनी विचारले नाही, तर तक्रारदाराने तारीख, वेळ, नंबर, लिंक आणि साक्षीदार यांची यादी लिहूनच न्यावी, ती जबाबाला जोडायला सांगावी आणि पोच घ्यावी. न्यायाधीशासमोर मालिका उभी राहते ती या पहिल्या कागदावरूनच.