बोलणं बंद असलेल्या भावाला राखी

पंचमीच्या आदल्या दिवशी आपण भावाचा उपवास धरतो, बोलणं बंद असलं तरी. पण उपवास भावाला कळत नाही. मग कळवायचं कसं?

आमच्या गटातल्या कंधारकडच्या एका ताईंनी सातबाऱ्यावर नाव लावायचा अर्ज दिला, तेव्हापासून अहमदपूरच्या भावाशी सहा वर्षं अबोला होता. गेल्या राखीला आम्ही बसून चिठ्ठी लिहिली. आधी लिहिलं होतं, 'तू विसरलास तरी मी विसरले नाही.' ही शुभेच्छा नव्हे, टोमणा झाला. 'आई असती तर' हेही काढलं; त्यात मेलेल्या आईला साक्षीला ओढल्यासारखं होतं. उरलं एवढंच: 'दादा, राखी पाठवतेय. तू, वहिनी, लेकरं सगळे सुखात राहा. यंदा सोयाबीन चांगलं येऊ दे.' 'फोन कर' असं मुद्दाम लिहिलं नाही. उत्तर मागितलं आणि आलं नाही, की नवा राग.

पाकीट आठ दिवस आधी पोस्टात टाकलं. नातेवाइकाच्या हाती दिलं नाही, निरोप नेणारा आपले दोन शब्द घालतोच.

ताईंना भीती होती, गोड बोललं म्हणजे हिस्सा सोडला असं होईल का? नाही. त्यासाठी हक्कसोडपत्र लागतं, तेही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं. मात्र राखीनंतर भावानं कागद पुढे केला, तर त्या दिवशी सही करू नये. घरी आणून जाणत्याकडून वाचून घ्यावा.

भावाचं उत्तर आलं नाही. दिवाळीत वहिनींनी फोन करून सोयाबीनचा भाव विचारला. ताईंनी भावच सांगितला.