पैसे भरले, तरी थकबाकीच्या यादीत नाव कसं?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या इंदिरापुरममधल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी आली. फ्लॅट क्रमांक आणि समोर थकबाकी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या फ्लॅटसमोर लिहिलं होतं, १२,००० रुपये. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. पुण्यातली मुलगी दर महिन्याला ४,००० रुपये मेंटेनन्स न चुकता पाठवते. त्या संध्याकाळी ते खाली फिरायला आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत खजिनदार अंकलकडे गेले. अंकलनी लॅपटॉप उघडला आणि दोन तास आम्ही सोसायटीचं लेजर पाहत बसलो. बिल, जमा आणि बाकी इतकाच हिशोब असतो, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात प्रत्येक जमा रकमेला दोन प्रश्न विचारावे लागतात : हे पैसे कोणत्या फ्लॅटचे आणि कोणत्या महिन्याचे?

पैसे कोणत्या फ्लॅटचे?

आजोबांची मुलगी स्वतःच्या यूपीआयवरून पैसे भरते. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं आहे आणि शेऱ्यात ती फक्त ‘मेंटेनन्स’ लिहिते. बँकेत पैसे आले, पण ते कोणाचे हे कळेना, म्हणून एप्रिल, मे आणि जूनचे तिन्ही हप्ते ‘अनामत’ खात्यात जाऊन पडले. इंग्रजीत ज्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात, ते हेच. भाडेकरूंच्या बाबतीत असं नेहमी होतं, कारण लेजर मालकाच्या नावाने असतं आणि पैसे येतात भाडेकरूच्या खात्यातून.

ही चूक यादी लावण्याआधीच पकडता येते. त्यासाठी एकच बेरीज करायची. आकडे सोपे व्हावेत म्हणून व्याज बाजूला ठेवू. समजा, ३१ मार्चला एकूण थकबाकी १,८६,००० रुपये होती. ८० फ्लॅटना दरमहा ४,००० रुपयांची बिलं गेली, म्हणजे तीन महिन्यांची ९,६०,०००. बँक स्टेटमेंटप्रमाणे जमा झाले ९,४२,०००. जुनी बाकी अधिक बिलं वजा जमा, म्हणजे ३० जूनला थकबाकी २,०४,००० असायला हवी.

आता फ्लॅटनिहाय यादीची बेरीज करायची. ती २,१६,००० आली, तर १२,००० रुपये बँकेत पोहोचले आहेत, पण कोणत्याही फ्लॅटच्या खात्यावर चढलेले नाहीत. फरक बरोबर ४,००० च्या पटीत असेल, तर कुणाचे तरी पूर्ण हप्ते अडकले आहेत असं समजावं. आमच्याकडे ही बेरीज झालीच नव्हती. दोन बेरजा जुळेपर्यंत यादी ग्रुपवर जायलाच नको होती.

पैसे कोणत्या महिन्याचे?

आजोबांचं प्रकरण मिटलं. मग अंकलनी दुसरं खातं दाखवलं. आपण त्याला बी-३०४ म्हणू. तिथे एप्रिल, मे, जूनची बिलं खरोखर थकली होती. बिल त्या महिनाअखेरीपर्यंत भरायचं आणि उशीर झाला की महिन्याला दीड टक्का, म्हणजे वर्षाला १८ टक्के सरळ व्याज, असा आमचा नियम आहे.

जूनअखेरीस एप्रिलच्या बिलाला दोन महिने उशीर झाला होता, म्हणून व्याज १२० रुपये. मेच्या बिलाला एक महिना, म्हणून ६०. जूनच्या बिलावर अजून काही नाही. मिळून १२,१८० रुपये. १ जुलैला मालकांनी ९,००० रुपये पाठवले, शेरा काहीच नाही.

ते असे चढवले : आधी व्याजाचे १८०, मग एप्रिलचे ४,०००, मेचे ४,००० आणि उरलेले ८२० जूनमध्ये. आता जूनचे ३,१८० रुपये बाकी राहिले आणि जुलैअखेरीस फक्त तेवढ्याच रकमेवर सुमारे ४८ रुपये व्याज लागेल. नुसतं ‘बाकी ३,१८०’ लिहिलं असतं, तर ही थकबाकी कधीची हे वर्षभराने कुणालाच सांगता आलं नसतं.

या क्रमामागे कायदाही आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधली कलमं ५९ ते ६१ याच प्रश्नावर आहेत. पैसे देणाऱ्याने ‘हे जूनचे’ असं स्पष्ट सांगितलं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते जूनलाच लावायचे. त्याने काही सांगितलं नाही, तर कोणत्या बाकीत जमा करायचे हे घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नसेल, तर सर्वांत जुनी बाकी आधी फिटते. सोसायटीच्या बायलॉजमध्ये वेगळा क्रम दिलेला असू शकतो, तो आधी वाचावा. पण शेऱ्याच्या त्या दोन शब्दांना किती वजन आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

व्याजावर व्याज कसं चढतं?

बऱ्याच सोसायट्यांच्या एक्सेलमध्ये ‘मागील बाकी’ नावाचा एकच रकाना असतो. त्यात मूळ रक्कम आणि व्याज एकत्र होतं आणि पुढच्या महिन्यात त्या सगळ्यावर पुन्हा व्याज लागतं. नियम सरळ व्याजाचा आणि आकारणी चक्रवाढ! तीन महिन्यांत फरक एक रुपयाही पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण ४,००० चं बिल २४ महिने थकलं, तर सरळ व्याज होतं १६,५६० आणि चक्रवाढ १८,५३४. जवळजवळ दोन हजारांचा फरक, आणि भांडण त्याहून मोठं.

उपाय सोपा आहे. मूळ रक्कम आणि व्याज यांचे रकाने वेगळे ठेवायचे आणि व्याज फक्त पहिल्यावर काढायचं. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींमध्ये व्याज सरळ आणि जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के असं लिहिलेलं आहे. एनसीआरमध्ये मात्र एकच नियम नाही. दिल्लीतल्या सहकारी सोसायट्यांना २००३ चा दिल्ली सहकारी संस्था कायदा लागू होतो, तर नोएडा-गाझियाबादच्या अपार्टमेंटना २०१० चा उत्तर प्रदेशचा कायदा. त्यामुळे दर तुमच्या सोसायटीच्या बायलॉजमध्येच पाहावा लागतो.

आपण काय करायचं?

पैसे पाठवताना शेऱ्यात ‘बी-३०४ जुलै’ असं लिहा. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे जाणार असतील, तर ते नाव खजिनदारांना एकदा लेखी कळवा. भाड्याने राहत असाल, तर मेंटेनन्स कोण भरणार हे करारात लिहून घ्या आणि पावतीची प्रत मालकांना पाठवा, कारण थकलं तर सोसायटी त्यांनाच विचारणार. फ्लॅट विकत घेताना ‘नो ड्यूज’च्या एका ओळीवर थांबू नका, त्या फ्लॅटचा महिन्यानुसार उतारा मागा.

आमच्या ग्रुपवर त्याच रात्री दुरुस्त यादी आली. अंकलनी खाली लिहिलं होतं, ‘आजोबांची बाकी शून्य आहे, चूक आमची होती.’ आता यादी ग्रुपवर टाकत नाहीत, ज्याचा उतारा त्यालाच पाठवतात. त्याआधी दोन्ही बेरजा जुळवून पाहायचं काम आजोबांनी मागून घेतलं आहे.