रुपयाचे नव्याण्णव पैसे

१ फेब्रुवारी २०२४ ला निर्मला सीतारामन यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत नेहमीचं गोल चित्र आलं : रुपया असा येतो, रुपया असा जातो. दहावीच्या गणितात याला वृत्तालेख म्हणतात, बाकी सगळे पाय चार्ट. चित्र मोबाइलवर फिरत राहतं. पण त्यातले आकडे पुढच्या वर्षाशी ताडून बघायचे किंवा एखाद्या लेखात वापरायचे, तर ते चित्रातून काढून तक्त्यात बसवावे लागतात. डाव्या रकान्यात नाव, उजव्या रकान्यात टक्के, खाली बेरीज. काम पाच मिनिटांचं आहे, पण त्यातली शेवटची ओळ सगळ्यांत बोलकी असते.

पहिली गोष्ट, आकड्यांना हात लावण्याआधी फाका मोजाव्यात. रुपया कुठून येतो, या चित्रात आठ आहेत. म्हणजे तक्त्यात आठच ओळी हव्यात. मोठ्या फाकांवर आकडा आतच छापलेला असतो. एक-दोन टक्क्यांची फाक मात्र इतकी बारीक असते, की तिचं नाव बाहेर ढकलून बारीक रेघेने जोडलेलं असतं, आणि घाईत वगळली जाते ती हीच. बाराच्या काट्यापासून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने एकेक फाक उतरवावी. मोठ्याकडून लहानाकडे लावायचं काम नंतर करावं. नावं वेगळ्या रंगसूचीत दिली असतील, तर सूचीकडून फाकेकडे न जाता फाकेकडून सूचीकडे जावं. दोन निळ्या छटा शेजारी असल्या, तर चूक तिथेच होते.

असा उतरवलेला तक्ता हा :

| रुपया कुठून येतो (अंतरिम, २०२४-२५) | टक्के |
|---|---|
| कर्ज व इतर दायित्वे | २८ |
| प्राप्तिकर | १९ |
| जीएसटी | १८ |
| कंपनी कर | १७ |
| करेतर महसूल | ७ |
| केंद्रीय उत्पादन शुल्क | ५ |
| सीमाशुल्क | ४ |
| कर्जाव्यतिरिक्त भांडवली जमा | १ |
| बेरीज | ९९ |

हा तक्ता संगणकावर करत असाल तर टक्क्यांची खूण रकान्याच्या मथळ्यात ठेवावी, खाली नुसते आकडे लिहावेत. एका घरात खुणेसकट २८ आणि दुसऱ्यात नुसतं १९ असं झालं, तर संगणक पहिल्याला ०.२८ समजतो आणि बेरीज भलतीच येते. सूत्र साधंच :

```
=SUM(B2:B9)
```

आता ९९ चं काय करायचं? बहुतेक जण इथे अस्वस्थ होतात आणि कुठल्या तरी ओळीत एक वाढवून शंभर करून टाकतात. हे करू नये. इथे वाचणाऱ्याचं काही चुकलेलं नाही, मूळ चित्राचीच बेरीज ९९ आहे. कारण पूर्णांकात आहे. त्या वर्षीची सगळी जमा, राज्यांना जाणारा करातला वाटा धरून, सुमारे ५९.९५ लाख कोटी रुपये होती. त्यात कंपनी कर १०.४३ लाख कोटी, म्हणजे १७.४ टक्के. चित्रात त्याचे १७ झाले आणि ०.४ गळाला. कर्जाचे २८.१ होते, तिथे ०.१ गेला. उलट करेतर महसूल ६.७ टक्के होता, त्याचे ७ झाले. अशा आठ ओळींत जेवढं वर चढलं त्याहून जास्त खाली गळालं, आणि रुपयातला एक पैसा दिसेनासा झाला.

मग बेरीज किती चुकली तर चालेल? पूर्णांकात लिहिताना एका ओळीत जास्तीत जास्त अर्धा टक्का इकडेतिकडे होतो. आठ ओळींत तो जास्तीत जास्त चार. पण सगळ्या ओळी एकाच बाजूला झुकतील असं सहसा होत नाही. प्रत्यक्षात ९९ ते १०१ दिसतं, क्वचित ९८ किंवा १०२. त्यापलीकडे गेलं, की पूर्णांकाला दोष न देता चित्राकडे परत जावं.

परत जाताना फरकाचा आकडाच पुष्कळदा चूक कुठे आहे ते सांगतो. इंग्रजी आकड्यांत धूसर चित्रातला तीन आठसारखा दिसतो, तेव्हा बेरीज पाचाने वाढते. एक आणि सात यांत सहाचा फरक पडतो. १७ चे ७१ लिहिले गेले तर फरक ५४, आणि अशी उलटापालट नेहमी नऊच्या पटीत असते. हिशेबनीस ही खूण फार जुन्या काळापासून वापरतात. देवनागरीत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसले तर फरक आठाचा. खरा धोका ५ आणि ६ यांचा, कारण तिथे फरक एकाचाच पडतो, आणि तो पूर्णांकाच्या आड लपून बसतो. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो असेल, तर हे दोन आकडे मोठे करून पुन्हा बघावेत.

काही चुका मात्र बेरजेला कळतच नाहीत. प्राप्तिकराचे १९ कंपनी कराला आणि त्याचे १७ याला, अशी अदलाबदल झाली, तरी बेरीज ९९ च. त्यासाठी डोळ्यांनी दुसरी तपासणी करावी लागते : ज्याचा आकडा मोठा, त्याची फाक मोठी असलीच पाहिजे. एका टक्क्याला ३.६ अंशांचा कोन, म्हणून २८ ची फाक पाव वर्तुळाहून थोडी जास्त, जेमतेम १०१ अंश. पण १९ आणि १७ यांत सात अंशांचाच फरक असतो, तो नजरेला फारसा जाणवत नाही. चित्र तिरकं, जाडी दाखवलेलं असेल, तर पुढची फाक उगाच मोठी वाटते आणि ही तपासणी निकामी होते. (असले तिरके चार्ट छापायचेच कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.) अशा वेळी बातमीतला मजकूर उपयोगी पडतो. सगळे कर मिळून ६३ पैसे, असं त्या दिवशी छापून आलं होतं. १९, १८, १७, ५ आणि ४ यांची बेरीज ६३ च येते. अर्थात ती दोन करांतली अदलाबदल पकडत नाही, पण कराचा आकडा कर्जाच्या ओळीत गेला असता तर लगेच कळलं असतं.

एखाद्या फाकेवर आकडाच नसेल, तर उरलेल्यांची बेरीज शंभरातून वजा करता येते. मात्र त्या आकड्यापुढे तारा काढून तो वाचलेला नाही, काढलेला आहे, असं नोंदवावं. त्यानंतर बेरीज शंभर येणारच, तेव्हा ती तपासणी राहत नाही. शिवाय सगळ्या ओळींतला गळालेला वा चढलेला भाग या एका ओळीवर येऊन पडतो.

टक्क्यांवरून रुपये काढायचा मोहही होतो. त्या वर्षीचा केंद्राचा एकूण खर्च ४७.६६ लाख कोटी, त्याचे १७ टक्के काढले तर कंपनी कर ८.१ लाख कोटी येतो. खरा आकडा १०.४३. चित्रातला रुपया ४७.६६ चा नाही, राज्यांचा वाटा धरून ५९.९५ चा आहे. शंभर टक्के कशाचे, हे चित्रावर लिहिलेलं नसतं, म्हणून तक्त्याखाली ते एका ओळीत लिहून ठेवावं.

जुलै २०२४ ला पूर्ण अर्थसंकल्प आला. त्याच्या तक्त्यात या तक्त्यापेक्षा दोनच ओळी बदलल्या : कर्ज २८ वरून २७, करेतर महसूल ७ वरून ९, कारण रिझर्व्ह बँकेने केंद्राला मोठा लाभांश दिला होता. एक कमी, दोन जास्त, म्हणून बेरीज ९९ ची बरोबर १०० झाली. पण कर्जाचा वाटा खरोखर एकाच टक्क्याने घटला का? २८.१ वरून तो २६.५ च्या किंचित वर आला होता, म्हणजे घट दीड टक्क्याहून थोडी जास्त. चित्रातून उतरवलेल्या तक्त्यात ती एकच दिसते.