फॉर्म १६ हातात आला की आधी भाग 'अ' बघा

फॉर्म १६ च्या भाग 'अ'मध्ये तिमाहीनुसार कापलेला टीडीएस असतो. तोच २६एएसमध्ये दिसायला हवा. समजा, पगारातून दरमहा ५,००० कापले, म्हणजे वर्षाचे ६०,०००. पण २६एएसमध्ये ४५,००० च आहेत. तिमाहीवार पाहिलं तर जानेवारी-मार्चचे १५,००० गायब! बहुतेकदा कंपनीने त्या तिमाहीचं विवरणपत्र भरलेलं नसतं किंवा तुमचा पॅन चुकवलेला असतो. ही दुरुस्ती तुम्हाला करता येत नाही, ती कंपनीनेच राहिलेलं किंवा सुधारित विवरणपत्र भरून करायची. तसंच ६०,००० दाखवून रिटर्न भरलं, तर १५,००० च्या मागणीची नोटीस येऊ शकते. म्हणून पगारपत्रकं जोडून अकाउंट्स विभागाला आजच ईमेल करा.