ताणलेल्या शक्यतेचा चोख हिशेब

नॉर्मलायझिंग फ्लो हे मॉडेल साध्या घंटाकृती वितरणातली संख्या उलटवता येणाऱ्या पायऱ्यांतून नेऊन गुंतागुंतीचा डेटा घडवते. समजा, पायरी x = 2z + 3 अशी आहे. x चे मूल्य ५ असेल, तर उलट जाऊन z मिळतो १. तिथली घनता ०.२४२. पण अंतरे दुप्पट ताणल्याने घनता निम्मी, ०.१२१ होते.

अनेक मितींत हा ताण डिटरमिनंट सांगतो. तो काढणे एरवी फार खर्चिक. २०१६ च्या ‘रिअल एनव्हीपी’त अर्धे घटक तसेच राहतात आणि त्यांच्यावरून ठरलेल्या पटींनी उरलेले ताणून सरकवले जातात. मग लॉग-डिटरमिनंट म्हणजे पटींच्या लॉगची नुसती बेरीज.

मात्र चोख आकडा म्हणजे ओळख नव्हे. वस्तू-प्राण्यांच्या चित्रांवर शिकलेल्या ‘ग्लो’ मॉडेलने घरक्रमांकांच्या अनोळखी चित्रांना जास्त संभाव्यता दिली होती.